एक्झिट इंटरव्ह्यू शेवटच्या दिवशी ठेवता? या चुका टाळा

अंबडच्या एका कारखान्यात मी एचआरला होते तेव्हाची गोष्ट. क्वालिटीतल्या एका इंजिनिअरने सहा वर्षांनी पेपर टाकला होता. त्याचा एक्झिट इंटरव्ह्यू मी शेवटच्या दिवशी पावणेपाचला ठेवला. तो आला तेव्हा एका हातात नो ड्यूजचा फॉर्म होता आणि दुसऱ्या हातात सेंड-ऑफला मिळालेला पुष्पगुच्छ. पाथर्डी फाट्याकडे जाणारी कंपनीची बस सव्वापाचला सुटायची. मी प्रश्न विचारत होते आणि त्याचं लक्ष माझ्या मागच्या घड्याळाकडे होतं. "का सोडताय?" "चांगली संधी आहे मॅडम." "काही त्रास?" "नाही, सगळं छान होतं." आठ मिनिटांत फॉर्म भरून झाला, मी सही केली आणि तो बस पकडायला धावला.

खरं कारण मला तीन महिन्यांनी त्याच्या मित्राकडून कळलं. नापास झालेला माल पास दाखवण्यासाठी त्याच्यावर सह्यांचा दबाव येत होता. ही गोष्ट त्याने मला सांगायला हवी होती, असं मला आधी वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की ती सांगता येईल असा अर्धा तासही मी त्याला दिला नव्हता. तेव्हापासून ही मुलाखत कधी, कुणी आणि कशी ठरवायची, याकडे मी प्रश्नावलीपेक्षा जास्त लक्ष देते.

चूक पहिली: नो ड्यूजच्या फॉर्मवर मुलाखतीची ओळ ठेवणं

बऱ्याच ठिकाणी नो ड्यूजचा फॉर्म असा असतो: स्टोअर, टूल रूम, कँटीन, आयटी, लॉकरची किल्ली, ओळखपत्र, आणि खाली "एक्झिट इंटरव्ह्यू झाला". प्रत्येक ओळीपुढे सही. आता हा कागद सोडून जाणाऱ्याच्या नजरेने बघा. या सगळ्या सह्या झाल्याशिवाय फुल अँड फायनल निघत नाही आणि रिलिव्हिंग लेटर मिळत नाही, हे त्याला माहीत असतं. म्हणजे मुलाखत ही त्याच्या पैशांच्या वाटेतली एक चौकी झाली. चौकीवर कुणी मन मोकळं करत नाही, तिथून लवकर सुटायचं बघतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशोब तो अगदी बरोबर करतो.

ही ओळ फॉर्मवरून काढून टाका. आमच्याकडे त्यासाठी अकाउंट्सशी दोनदा बोलावं लागलं, कारण त्यांना "प्रक्रिया अपूर्ण" वाटत होती. कायद्याने ही मुलाखत कुठेच सक्तीची केलेली नाही. पैशाचं तसं नाही. वेतन संहिता 2019 च्या कलम 17 नुसार राजीनामा देऊन गेलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती देय झाल्यापासून 30 दिवसांत. मुलाखत झाली नाही म्हणून यातलं काहीही अडवून ठेवता येत नाही. बोलावणं पाठवताना हे स्पष्ट लिहा, कारण समोरच्याने उलटंच ऐकलेलं असतं.

ही मुलाखत खरोखर ऐच्छिक आहे का, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. वर्षभरात एकानेही नकार दिला नसेल, तर ती ऐच्छिक नाही.

चूक दुसरी: फार उशिरा किंवा फार लवकर बोलावणं

शेवटच्या दिवसाचं वर सांगितलं. राजीनामा आल्याच्या पहिल्या आठवड्यात घेतली तर वेगळीच अडचण होते. तेव्हा साहेब त्याला थांबवायचा प्रयत्न करत असतात, पगार वाढवायची भाषा चालू असते. त्या दिवसांत तो जे बोलेल त्याला घासाघिशीचा वास येतो. त्यालाही वाटतं की ही मुलाखत म्हणजे थांबवण्याचाच आणखी एक डाव. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात पडू द्या. थांबवण्याची बोलणी आणि ही मुलाखत एकाच बैठकीत कधीही करू नका.

30 दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये मला सोळावा ते बाविसावा दिवस बरा वाटतो. निर्णय पक्का झालेला असतो, हँडओव्हर अर्धा झालेला असतो, आणि निरोपाची गडबड अजून सुरू झालेली नसते. आणखी एक फायदा म्हणजे त्याने सांगितलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारायचं असेल, तर तो अजून कामावर असतो.

प्लॅनिंगमधल्या एका मॅडमचं उदाहरण घ्या. त्यांनी सोमवारी, 2 तारखेला राजीनामा दिला. शेवटचा दिवस पुढच्या महिन्याची 1 तारीख. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, 13 तारखेला, मी आधी त्यांच्या टेबलापाशी जाऊन दोन वाक्यं बोलले आणि मग हा मेसेज पाठवला:

"नमस्कार मॅडम. जाण्याआधी तुमच्याशी 40 मिनिटं बोलायला आवडेल. हे पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे. नाही म्हणालात तरी फुल अँड फायनल, रिलिव्हिंग लेटर आणि पुढे कुणी चौकशी केली तर आमचं उत्तर, यात काहीही फरक पडणार नाही. बुधवार 18, सकाळी 11 किंवा गुरुवार 19, दुपारी 3 यांपैकी सोयीची वेळ सांगा. दुसरी वेळ हवी असेल किंवा फोनवर बोलायचं असेल तरी चालेल. तीन गोष्टी विचारणार आहे: दुसरीकडे अर्ज करावा असं पहिल्यांदा कधी वाटलं, तुमच्या जागी येणाऱ्याला काय वेगळं मिळायला हवं, आणि इथलं काय मोडू नये. उत्तर मंगळवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर मी पुन्हा विचारणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. दोनदा आठवण केली की ऐच्छिक शब्दाला अर्थ राहत नाही. कॅलेंडरवर परस्पर मीटिंग टाकणं हीही तीच चूक, कारण तिथे "नाही" दाबणं म्हणजे उघड नकार, आणि तो नोटीसवर असलेल्या माणसाला जड जातो.

त्यांनी गुरुवार निवडला. पहिल्या प्रश्नावर त्या क्षणभर थांबल्या आणि मग म्हणाल्या, "दिवाळीनंतरच्या पहिल्या सुट्टीला." साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी चारनंतर, सेल्सकडून आराखडा बदलून यायचा आणि मग सुट्टीचा पूर्ण दिवस फोन वाजत राहायचा. त्यांनी डायरी आणली होती, त्यात अशा अकरा तारखा होत्या. "का सोडताय" विचारलं असतं, तर ती डायरी पर्समध्येच राहिली असती. तीन प्रश्न आधी मिळाले म्हणून त्या ती घेऊन आल्या.

चूक तिसरी: चुकीचा माणूस, चुकीची खोली

थेट साहेबाने ही मुलाखत घेऊ नये, हे बहुतेकांना पटतं. पण एचआरमध्ये असलेली व्यक्ती त्या साहेबाची जवळची असेल तरी तोच प्रश्न येतो. मेसेजमध्ये "माझ्याऐवजी दुसऱ्या विभागातल्या कुणाशी बोलायचं असेल तर सांगा" एवढी ओळ घाला. लहान कारखान्यात एचआर म्हणजे एकच माणूस असतो. तिथे मालकाऐवजी अकाउंट्समधली एखादी जुनी, विश्वासाची व्यक्ती चालते.

शॉप फ्लोअरवरून दिसणारी काचेची केबिन नको. कोण कुणाशी किती वेळ बोललं, हे चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या लाइनला कळतं. बाहेर मिसळीच्या हॉटेलातही नको, शेजारच्या टेबलावर आपल्याच कंपनीतलं कुणीतरी निघतं. मी वरची ट्रेनिंग रूम घेते. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरला सकाळी दहाला सिन्नरहून बोलावणं हा अन्याय आहे. त्याच्या शिफ्टमध्येच, भरपगारी वेळेत, बदली माणूस मशीनवर उभा करून बसा. नाहीतर मशीन बंद पडलं म्हणून सुपरवायझर त्याला ऐकवतो, आणि उरलेले दहा दिवस त्याचे वाईट जातात.

चूक चौथी: पाळता न येणारं वचन देणं

"इथलं काही बाहेर जाणार नाही" असं म्हणू नका. तीन माणसांच्या विभागातून एक जण गेला आणि पुढच्या आठवड्यात त्याच विभागाबद्दल एखादा मुद्दा निघाला, तर कुणी सांगितलं हे शेंबडं पोरही ओळखेल. सुरुवातीलाच सांगा: काय लिहून घेणार, कुणाला दाखवणार, कधी दाखवणार. मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते आणि जे खोडायला सांगतील ते खोडते. लहान विभागातल्या गोष्टी मी तीन-चार महिने थांबून, इतरांच्या मुद्द्यांबरोबर मांडते.

दोन बाबतींत मात्र थांबता येत नाही. एक म्हणजे सुरक्षिततेचा धोका, जसं मशीनचं गार्ड काढून काम चालू असणं. दुसरी म्हणजे लैंगिक छळ. सोडून जाणारी स्त्री त्याबद्दल बोलली तर तिथेच सांगा की 2013 च्या कायद्याखाली तिला अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, साधारण मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे आणि समितीला ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते. लिहिण्यात मदत लागली तर करा. मुदत सरत आली असेल तर "शेवटच्या आठवड्यात बोलू" म्हणणं तिचं नुकसान करणारं आहे.

तरीही अडलं तर

"नको" म्हणाले तर कारण विचारू नका. धन्यवाद म्हणा आणि पुढे कधी वाटलं तर हा नंबर चालू आहे, एवढं सांगा.

"सगळं छान होतं" हेच परत परत आलं तर खोदू नका. एखाद्या ठरावीक दिवसाबद्दल विचारा: "गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना सगळ्यात जास्त वैताग आला होता?" तरी गप्प राहिले तर वीस मिनिटांत उठा. चाळीस मिनिटं ठरली होती म्हणून बसवून ठेवणं म्हणजे पुन्हा चौकीच.

साहेबाने कॉरिडॉरमध्ये गाठून "माझ्याबद्दल काय बोलला?" विचारलं, तर "तिमाहीच्या अहवालात सगळ्यांचे मुद्दे एकत्र येतील" एवढंच उत्तर द्या. हे उत्तर मुलाखतीच्या आधीच साहेबाला सांगून ठेवलेलं असेल तर तेव्हा अवघड जात नाही.

दोन-अडीच महिन्यांनी एक फोन करते. आधी त्यांचं काम: पीएफ ट्रान्सफर झाला का, ग्रॅच्युइटी जमा झाली का, फॉर्म 16 कुठे पाठवायचा. मग त्यांच्या मुद्द्याचं काय झालं ते. त्या प्लॅनिंगच्या मॅडमना मी सांगितलं की सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी तीननंतर आराखडा बदलायचा असेल तर आता प्लँट हेडची सही लागते, आणि गेल्या पाच आठवड्यांत अशी सही एकदाच झाली. त्या म्हणाल्या, "थांबा, मला डिस्पॅचबद्दलही एक सांगायचं होतं, तेव्हा राहून गेलं." मी पेन शोधलं आणि लिहायला लागले.