दुबईत ब्रँच काढताना आर्टिकल्स आणि बोर्ड रिझोल्युशनचं अरबी भाषांतर कसं करून घ्यायचं

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचे कागद मी बरीच वर्षं करते. दुबईत ब्रँच काढायची म्हटलं की पहिला फोन येतो तो "अरबी भाषांतर पुण्या-मुंबईत कुठं स्वस्तात होईल" असाच. तो प्रश्नच चुकीचा आहे. दुबई मेनलँडवर ब्रँच काढत असाल तर भाषांतर तिथल्या न्याय मंत्रालयाचं लायसन्स असलेल्या ट्रान्सलेटरचंच लागतं, इथं कितीही चांगलं करून घेतलं तरी तिथं ते चालत नाही. फ्री झोनमध्ये बऱ्याच ठिकाणी इंग्रजी कागद घेतात, त्यामुळं आधी झोनलाच विचारा आणि ते हो म्हणाले तर अरबीचा खर्च करूच नका.

क्रम असा. इथं नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग यूएईच्या दूतावासाचा किंवा कॉन्सुलेटचा. कागद दुबईला गेले की तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि सगळ्यात शेवटी भाषांतर. अपॉस्टिल करून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, यूएई अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. भाषांतर शेवटी करायचं कारण एवढंच की पाठीमागचे सगळे शिक्केही अरबीत यावे लागतात, आधी केलं तर ते राहून जातात.

आता आर्टिकल्स. कंपनी जुनी असेल तर फाईल उघडून आधी पानं मोजा. आपल्याकडच्या कितीतरी प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे आर्टिकल्स तीन-चार पानांचेच असतात, कारण पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की खाली बदललेलं सोडून बाकी टेबल एफ लागू. हे टेबल एफ म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या पहिल्या शेड्यूलमधले तयार नियम, आणि १९५६ च्या कायद्याखालची कंपनी असेल तर तिथं टेबल ए असतं. आपल्या सीएला ते पाठ असतं, पण दुबईतल्या माणसापुढं तीन पानं गेली की त्याला बोर्ड मीटिंगचे नियम दिसत नाहीत, डायरेक्टरचे अधिकार दिसत नाहीत, आणि तो अर्धवट कागद म्हणून परत पाठवतो. म्हणून नोटरीकडं जायच्या आधीच टेबलची पूर्ण प्रत आर्टिकल्सला जोडा आणि सगळा सेट एकत्र बांधून एकाच वेळी शिक्क्यांना पाठवा. मागून जोडलेल्या पानांवर शिक्का नसतो, त्यामुळं ट्रान्सलेटर ती त्या सेटचा भाग म्हणून घेत नाही.

मला खरा त्रास झाला तो बोर्ड रिझोल्युशनमध्ये, आणि तो भाषांतरात नव्हता, इंग्रजीतच होता. शिरोलीची एक फाउंड्री, वडील आणि मुलगा दोघं डायरेक्टर, मुलगा दुबईत राहून ब्रँच बघणार, वडील इथं भट्टी सोडून हलणार नाहीत. मी नेहमीचा नमुना उचलला, त्यात अमुक आणि तमुक, डायरेक्टर्स, यांना अधिकार देण्यात येत आहेत असं होतं. आपल्याकडं हे वाचून कुणी अडवत नाही, दोघांपैकी एकानं सही केली तरी काम होतं. अरबीत ते 'अमुक व तमुक' असंच्या असं उतरलं आणि बँकेनं सरळ सांगितलं, दोघांच्या सह्या पाहिजेत. मी ट्रान्सलेटरला फोन करून भांडले, दुरुस्त करा म्हटलं, तर ती बाई म्हणाली, "मॅडम, इंग्रजीत जे नाही ते मी अरबीत घातलं तर माझं लायसन्स जाईल." तिचं बरोबर होतं. इंग्रजी कागदावर शिक्के बसलेले, त्यामुळं तिथं एक शब्दही बदलता येत नव्हता, आणि नवीन ठराव करून नोटरीपासून सगळी साखळी परत करावी लागली.

तेव्हापासून मी "जॉइंटली अँड सेव्हरली" हे पण लिहीत नाही, कारण त्यातल्या 'अँड'वरून परत वाद होतो. सरळ "आयदर ऑफ देम, अ‍ॅक्टिंग अलोन" लिहा, आणि अरबीत 'मुनफरिदन' म्हणजे एकटा हा शब्द आला की नाही ते विचारून घ्या. आणि अधिकार मोजून लिहा: लायसन्सचा अर्ज, ऑफिसचा भाडेकरार, बँक खातं उघडणं आणि चालवणं, कामगारांचे व्हिसा, वकील नेमणं, प्रत्येकाला वेगळी ओळ. "ऑल सच अ‍ॅक्ट्स अ‍ॅज मे बी नेसेसरी" या वाक्यावर तिथली बँक खातं उघडून देईल अशी आशा धरू नका.

दुसरा घोळ डायरेक्टर या शब्दाचा. अरबीत 'मुदीर' म्हणजे मॅनेजर, आणि डायरेक्टरलाही बरेच जण मुदीरच लिहितात. मग ठरावात "डायरेक्टर अमुक यांनी तमुक यांना ब्रँच मॅनेजर नेमलं" असं असलं की दोघंही मुदीर होतात आणि लायसन्सवर नक्की कुणाचं नाव घालायचं तेच कळत नाही. डायरेक्टरसाठी 'उद्व मजलिस अल-इदारा', म्हणजे संचालक मंडळाचा सदस्य, आणि फक्त ब्रँच मॅनेजरसाठी मुदीर, असं ट्रान्सलेटरला आधीच लेखी सांगा. प्रायव्हेट लिमिटेडचंही तसंच, ते अरबी अक्षरात उच्चाराप्रमाणं लिहायला सांगा. त्याऐवजी तिथल्या एलएलसीचं संक्षिप्त रूप लावलं तर तुमची कंपनी कागदावर वेगळ्याच प्रकारची दिसते.

नावांकडं स्वतः बसून बघा, हे दुसऱ्यावर सोडू नका. अरबीत 'प' नाही आणि 'च' पण नाही, त्यामुळं पाटीलचं 'बातील' होतं आणि चौगुलेचं 'त' आणि 'श' जोडून काहीतरी होतं, त्यात 'ग' कुठल्या अक्षरानं लिहायचा ते प्रत्येक ट्रान्सलेटर वेगळं ठरवतो. हे चूक नाही, पण ठरावात एक, आर्टिकल्समध्ये दुसरं आणि व्हिसावर तिसरं आलं की एका माणसाची तीन माणसं झाली. ज्याचं नाव आहे त्याचा यूएईचा रेसिडन्स व्हिसा आधीचा असेल तर त्यावरचं अरबी नाव कॉपी करून ट्रान्सलेटरला पाठवा आणि सगळीकडं तेच लावायला सांगा, नसेल तर पासपोर्टची प्रत द्या आणि सगळे कागद एकाच ट्रान्सलेटरकडून करून घ्या.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की इंग्रजी ठरावाचा कच्चा मसुदा, शिक्का तर सोडाच, सही व्हायच्या आधीच मी दुबईच्या ट्रान्सलेटरला मेल करते आणि कच्चं अरबी मागवते, थोडे पैसे जास्त घेतात पण द्यायचे. मग अरबी नीट वाचणाऱ्या, पण या कामाशी काही संबंध नसलेल्या माणसाला ते वाचायला देते, इंग्रजी दाखवत नाही, आणि तीनच गोष्टी विचारते: सही कोण करणार, एकटा की दोघं मिळून, आणि ब्रँचचा मॅनेजर कोण. तीनपैकी एक जरी उत्तर चुकलं तरी इंग्रजी बदलते, परत पाठवते. उत्तरं बरोबर आली की मग बोर्डाची मीटिंग, मिनिट बुकात नोंद, लेटरहेडवर ठरावाची प्रत, सही, शिक्का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नोटरी.