ऑटोमॅटिक घड्याळ कपाटात बंद पडलं तर पडू दे
हातात नसताना ऑटोमॅटिक घड्याळ फिरवत चालू ठेवणारा वाइंडर घेऊ का असं म्हापशाचा भाचा विचारत होता. साधं तारीखवालं घड्याळ असेल तर गरज नाही रे, चाळीसेक तासांनी बंद पडतं एवढंच, आतलं आजकालचं तेल काही महिन्यांत गोठत नाही, उलट वाइंडरवर घड्याळ फुकट फिरून झिजत राहतं. लीप वर्षसुद्धा सांभाळणारं पर्पेच्युअल कॅलेंडर असेल तर मात्र वाइंडर कामाचा, कारण ते परत सेट करणं म्हणजे डोकेदुखी.

बाकी घालताना क्राउन, म्हणजे बाजूची चावी, वीस-तीस वेळा फिरव, काटे साडेसहावर आण, मग तारीख बदल, कारण रात्री नऊ ते तीनच्या मधे तारखेचे दाते गुंतलेले असतात. आणि आपल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाक, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी लगेच धरते.