नाव आठवत नसेल तर मिस्ड कॉल मागा

रंकाळ्यावर फिरताना कोणी आपुलकीने हाक मारतो आणि त्याचे नाव काही केल्या आठवत नाही, तेव्हा "नमस्कार, बऱ्याच दिवसांनी भेट झाली" असे म्हणून "सध्या मुक्काम कुठे?" एवढेच विचारावे. निघताना "माझ्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्या" असे सांगावे. नंबर जतन केलेला असल्यास नाव पडद्यावर दिसतेच. नुसते आकडे दिसले, तर "पूर्ण नाव सांगा, आडनावासह जतन करतो" असे म्हणावे. समोरच्याने केवळ "पाटील" म्हटले, तरी कोल्हापुरात प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा पाटील असल्याने "कोणते पाटील लिहू?" हा प्रश्न खटकत नाही. फोन मात्र आपल्याकडेच वळवून धरावा, कारण "रंकाळा चष्मेवाले" अशी नोंद त्यांनी वाचली तर पंचाईत होते.