रेघा दोन आल्या, पण आकडा किती?

पाळी चुकली की गावात आधी आशाताईंची आठवण होते. त्यांच्याकडे दिवस गेलेत का ते तपासायचे निश्चय किट असते आणि ते फुकट मिळते. सकाळची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या. पाकिटावर लिहिलेले तितकेच थेंब ड्रॉपरने पट्टीच्या खाचेत सोडा आणि पाच मिनिटांनी पहा. फक्त ‘सी’जवळ रेघ आली तर उत्तर ‘नाही’. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीजवळ आली तर ‘हो’, मग ‘टी’ची रेघ फिकी का असेना. ‘सी’जवळ काहीच उमटले नाही तर ते किट वाया गेले समजा. अर्ध्या तासाने दिसलेली रेघ मात्र धरू नका, ती कित्येकदा वाळल्याची खूण असते.

किट ओळखते ते एचसीजी हे गर्भधारणेत तयार होणारे हार्मोन. साधारण 25 युनिटच्या पुढे गेले की रेघ उमटते. पण हार्मोन 60 असो की 6000, रेघा दोनच. गर्भ नीट वाढतो आहे की नाही, कुठे रुजला आहे, हे ती पट्टी सांगत नाही.

तिथे रक्ताची बीटा एचसीजी तपासणी लागते, ती या हार्मोनचा आकडा सांगते. उपाशीपोटी जायची गरज नाही. गावाजवळच्या उपकेंद्रात ती सहसा होत नाही, तालुक्याच्या लॅबमधून नमुना नागपूर-अमरावतीला जातो आणि रिपोर्ट उशिरा येतो, तेवढी तयारी ठेवा. प्रत्येकीला ती लागतेही असे नाही. दोन रेघा आल्या, त्रास काही नाही, तर नोंदणी करून वेळेवर सोनोग्राफी केली की पुरते.

समजा आर्वीकडची एक बाई आहे. पाळी आठ दिवस लांबली, किटवर दोन रेघा, पण थोडे डाग जातात आणि ओटीपोटात एका बाजूने दुखते. सोमवारी आकडा आला 420. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. डॉक्टर बुधवारी पुन्हा रक्त घेतात, कारण सुरुवातीच्या दिवसांत आकडा 48 तासांत निदान दीडपट तरी व्हायला हवा, म्हणजे 630 च्या आसपास. बुधवारी 850 आला तर वाढ चांगली आहे. 150 वर उतरला तर गर्भ बहुधा टिकलेला नाही. 480 वर अडखळला तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करतात. मात्र 850 आला तरी दुखणे थांबले नसेल तर डॉक्टर नळीची शंका सोडत नाहीत, चांगल्या वाढीनेही ती पूर्ण जात नाही.

दोन्ही वेळी लॅब एकच ठेवा, कारण यंत्र बदलले की आकडा थोडा बदलतो आणि तुलना फसते. पहिला रिपोर्ट सोबत न्या.

चक्कर आली, पोटात एकदम जोराची कळ उठली किंवा खांदा दुखू लागला, तर बुधवारच्या रक्ताची वाट पाहायची नाही, थेट 108 ला फोन करायचा.