आकड्याला हो म्हणायच्या आधी फिक्स्ड किती ते विचारा

रिक्रूटर फोनवर म्हणाली, "बारा लाख सीटीसी, चालेल ना?" की लगेच हो म्हणू नका, आधी एवढंच विचारा, "मॅडम, यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती?" कारण बारातले वीस टक्के व्हेरिएबल निघाले तर फिक्स्ड 9.60 लाख, म्हणजे महिन्याला 80 हजार, आणि त्यातही बऱ्याचदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ न् ग्रॅच्युइटी धरलेली असते, ती खात्यात येत नाही. दुसरीकडे 11 लाखांची ऑफर असेल नि व्हेरिएबल फक्त पाच टक्के, तर फिक्स्ड 10.45 लाख, महिन्याला 87 हजार. दिसायला लहान आकडा, पण दर महिन्याला भारी पडतो!

मग पुढचं विचारा, गेल्या वर्षी या टीमला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं, आणि ते तिमाही मिळतं की वर्षाअखेरीस. वर्षाअखेरीस असेल तर पैसे जमा व्हायच्या आधी राजीनामा दिला की बहुतेक ठिकाणी ते बुडतं. "साधारण सगळ्यांना पूर्ण मिळतं" असं गुळमुळीत उत्तर आलं तर पगाराचा ब्रेकअप मेलवर मागवा, आणि तो येईपर्यंत आपला आकडा फिक्स्डमध्येच सांगा, सीटीसीत नको.