अननस घेताना बूड हुंगा, पिवळ्या रंगाला भुलू नका

दादरला स्टेशनबाहेर हातगाडीवाल्याने मला एकदा सबंध पिवळाधमक अननस दिला. “आज थोडा आंबट असेल ताई, दोन दिवस ठेवा, साखर होईल.” मी चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. फळ मऊ पडलं, चव मात्र तशीच, दात आंबवणारी.

तांदळाचा काही दोष नव्हता. केळी आणि आंबा झाडावरून उतरताना पोटात पिष्ट घेऊन येतात आणि घरी त्याचीच साखर होते. अननसात असा साठा जवळजवळ नसतोच. त्याची साखर पानांत तयार होऊन देठावाटे फळात येते. देठ कापला की पुरवठा संपला. पुढे साल पिवळी होईल, गर मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. शेंडा खाली करून उलटा ठेवा असं सांगणारे भेटतात. त्यानेही नवी साखर येत नाही. म्हणून निवड गाडीवरच करायची.

आधी बुडाचा रंग पाहा. अननस खालून वर पिकतो, त्यामुळे बुडाकडचे डोळे पिवळे हवेत. वर थोडं हिरवं असलं तरी चालेल. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. साल पिवळी करायला इथेफॉन नावाचं रसायन फवारतात आणि ठेवूनही ती पिवळी होते. माझा अननस असाच दिसायला पिकला असणार.

खरी परीक्षा वासाची आणि मी अडले तीही इथेच. मी फळ मधोमध हुंगायची. तिथे जाड सालीतून फारसं काही कळत नाही. फळ उलटं करा आणि देठ कापलेल्या जागेला नाक जवळजवळ टेकवा. गोड, ओळखीचा अननसाचा वास आला तर घ्या. काहीच वास नसेल तर फळ कोवळं उतरवलेलं आहे असं धरा आणि परत गाडीवर ठेवून द्या, भाव कितीही उतरवू दे. ताडीसारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते आतून आंबायला लागलंय. दोन गोष्टी सांभाळा. फ्रिजमधून काढलेल्या गार फळाला वास कमी येतो. आणि शेजारी कापलेल्या फोडी मांडल्या असतील तर वास त्यांचाही असू शकतो. फळ उचलून दोन पावलं बाजूला जा, मग हुंगा.

शेंड्याची पानं हिरवी आणि ताठ हवीत. मधलं पान ओढून सहज निघालं तर पिकलं, हे मला पटत नाही. जुन्या, बुडाशी कुजू लागलेल्या फळाचंही पान तसंच निघतं. ताठ पानं फळ ताजं असल्याचं सांगतात, गोडीचं नाही.

घरी आणलात की एक-दोन दिवसांत कापा. तरीही आंबट निघालाच, तर फोडी साखरेत शिजवून शिऱ्यात घाला.