लांब रेकॉर्डिंगची तयारी: आवाज, श्वास आणि पेन्सिल

ही यादी अशांसाठी, ज्यांना एका बैठकीत दोन-तीन तास पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात पुढचं प्रकरण वाचायचं आहे. गेल्या खेपेला माझं पाणी, गरम पाण्याच्या गुळण्या, आवाज तापवणं सगळं नीट झालं होतं. राहून गेलं ते एकच: संहितेवर श्वासाच्या खुणा. त्यापायी कादंबरीची मधली प्रकरणं पुन्हा वाचावी लागली. त्यामुळे बाकीच्या गोष्टी इथे थोडक्यात येतील आणि खुणांबद्दल मी पुन्हा पुन्हा सांगेन.

आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या आधी, पेन्सिल घेऊन बसा. उद्या वाचायचं प्रकरण मोठ्याने नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात एकदा वाचा आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ मारा. छोट्या, चटकन घ्यायच्या श्वासाला एक रेघ, भरपूर श्वासाला दोन. वाचता वाचता सुचेल, असं समजू नका. डोळा पुढच्या ओळीवर, मन पात्राच्या स्वरात आणि कान स्वतःच्या उच्चारांवर असताना श्वासाचा हिशेब करायला कोणी शिल्लक राहत नाही.

मराठीत हे इतकं महत्त्वाचं का, तर आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्याचा सगळा अर्थ जिथे मिटतो तिथेच हवा संपलेली असते. साधा श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात हवा उरते, पण ती बाहेर काढायला पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू पिळावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर गळाही आवळतो. मग ‘होता’, ‘गेली’, ‘आहे’ हे शब्द करकरत, बसक्या आवाजात येतात. एका वाक्यात ते कळत नाही. तासाभरात अशी शेकडो वाक्यं झाली की घसा दुखतो, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळल्यासारखं वाटतं. आवाज थकला म्हणून शेवट बुडतात, असं मला वाटत होतं. खरं उलट होतं: शेवट बुडत होते म्हणून आवाज थकत होता.

एक वाक्य घेऊ. ‘सांजावता सांजावता मांडवीच्या पलीकडच्या तीरावरून निघालेली फेरीबोट, जिच्यात बाजार आटोपून परतणाऱ्या बायका, त्यांच्या रिकाम्या टोपल्या आणि दोन सायकली एवढंच सामान होतं, अर्ध्या पाण्यात आल्यावर एकाएकी थांबली.’ खुणा नसतील तर ‘टोपल्या’पर्यंत आपण आरामात जातो, ‘सामान होतं’ला आवाज चिरकतो, आणि ‘एकाएकी’नंतर हपकन श्वास घेऊन ‘थांबली’ म्हणतो. वाक्याचा धक्काच गेला. खुणा करून तेच असं होतं: ‘सांजावता सांजावता मांडवीच्या पलीकडच्या तीरावरून निघालेली फेरीबोट, / जिच्यात बाजार आटोपून परतणाऱ्या बायका, / त्यांच्या रिकाम्या टोपल्या आणि दोन सायकली एवढंच सामान होतं, // अर्ध्या पाण्यात आल्यावर एकाएकी थांबली.’ दोन रेघा ‘होतं’नंतर आहेत, कारण तिथे मधलं उपवाक्य मिटतं आणि शेवटचा तुकडा एका दमात, ताज्या हवेवर जायला हवा. फेरीबोटीनंतर भरपूर श्वास घेतला तर ऐकणाऱ्याला वाक्य संपलं असं वाटेल, म्हणून तिथे छोटाच. हवा खरोखर संपण्याच्या आधी श्वास घ्यायचा, हे खुणांचं सगळं काम.

रेघ कुठे मारायची, याचे माझे नियम थोडेच आहेत. ‘आणि’च्या आधी श्वास चालतो, नंतर नाही. ‘की’ मागच्या क्रियापदाला चिकटलेला असतो, म्हणून ‘तो म्हणाला की’ एकत्र आणि मग रेघ. विशेषण आणि नाम तोडू नका, ‘जिच्यात’, ‘ज्याने’ यांच्यानंतर थांबू नका. क्रियापदाच्या लगेच आधी तर कधीच नाही. ख, फ, थ, ह यांची गर्दी असलेली ओळ हवा जास्त खाते, तिथे रेघ थोडी अलीकडे आणा. आणि स्वल्पविराम म्हणजे श्वास नव्हे. काही लेखक चार शब्दांना एक स्वल्पविराम देतात, तिथे प्रत्येक ठिकाणी हवा भरत गेलात तर छाती फुगते आणि वरचा दाब गळ्यावर येतो. कमी हवेइतकाच जास्त हवेचाही त्रास होतो.

टॅबलेटवरून वाचत असाल तर त्यावरच खुणा करा, पण करा. कागद असेल तर पानाच्या शेवटी वाक्य अर्धं राहत असेल तिथे पुढचे चार शब्द खाली लिहून ठेवा.

रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. शागुती, फेणी आणि लगेच आडवं होणं हे त्रिकूट उद्याचा आवाज घालवतं, कारण पोटातलं आम्ल झोपेत वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जाड, खरखरीत लागतो. जत्रेला किंवा शिगम्याच्या रोमटामेळाला जाऊन ओरडून आला असाल तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवूच नका.

पाणी सकाळी उठल्यापासून थोडं थोडं. रेकॉर्डिंगच्या वेळी प्यायलेला घोट तोंड ओलं करतो, स्वरतंतूंना लागत नाही. तो अन्ननलिकेतून जातो, श्वासनलिकेतून नव्हे. स्वरतंतूंपर्यंत ओल पोचायला ते पाणी आधी रक्तात यावं लागतं, म्हणून दोन-तीन तास आधीपासून पीत राहा. आपल्याकडे गोव्यात हवा दमट असते ही सोय आहे, पण मे महिन्यात पंखा बंद, खिडकीवर गोधड्या, दार लावलेलं, अशा खोलीत तासभरात घाम निथळतो आणि तेवढं पाणी कमी होतं. एसी असेल तर आधी खोली थंड करून घ्या आणि वाचताना बंद ठेवा. त्याच्या आवाजापेक्षा त्याची कोरडी हवा जास्त त्रास देते. मेंथॉलच्या गोळ्या नकोत, त्या घसा बधिर करतात आणि दुखणं कळत नाही. तोंडात चकचक आवाज येत असेल तर हिरव्या सफरचंदाची फोड चावा.

वेळ तुमच्या वस्तीवरून ठरवा. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, मासेवालीची हाक आणि शाळेच्या बसेस होऊन गेल्या की आमच्याकडे दुपारपर्यंत शांतता असते. उठल्या उठल्या वाचू नका, झोपेतून आवाज सुटायला तास-दोन तास लागतात. पावसाळ्यात कौलांखाली बसून लांब प्रकरण काढायचा विचार सोडा.

आवाज तापवायला दहा मिनिटं पुरतात, पण ती हळू आवाजात. आधी ओठ मिटून ‘म्’ असा गुंजारव, ओठांवर आणि नाकाच्या मुळाशी थरथर जाणवेपर्यंत. मग ओठांची फुरफुर, खालून वर आणि वरून खाली. मग ग्लासात दोन बोटं पाणी घालून त्यात स्ट्रॉ बुडवा आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. गाल फुगू देऊ नका. स्ट्रॉमुळे हवेला अडथळा होतो, तो दाब उलट मागे येतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आदळता अलगद मिटतात. तीन-चार मिनिटांत आवाज हलका झालेला कळतो. नंतर जबडा सैल करा आणि ‘काळे राळे गोरे राळे’ हळू म्हणा. वेगाने म्हणून जिंकायचं नाही, प्रत्येक ‘ळ’ आणि ‘र’ वेगळा ऐकू यायला हवा. शेवटी सौम्य ‘स्स्स’ सोडत वीसपर्यंत मोजा आणि खालच्या बरगड्या एकदम कोसळू देऊ नका. खांदे वर जात असतील तर श्वास चुकीच्या जागी चाललाय.

तापवून झालं की आजच्या प्रकरणाचं पहिलं पान खुणांसकट एकदा वाचा. खुणा आहेत ना? नसतील तर आज रेकॉर्डिंग करू नका, खुणा करा. मी हे अगदी मनापासून सांगते आहे.

बसताना हात नसलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, पोटावर पट्टा नाही. संहिता डोळ्यांसमोर, कारण मान खाली गेली की गळा दाबला जातो. मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला. तो जवळ आहे, म्हणून समोरच्या एका माणसाला सांगतो तेवढ्याच आवाजात बोला. सभागृहाचा आवाज काढायचा नाही.

वेग पहिल्या पाच मिनिटांत ठरतो, आणि नंतर तो नकळत वाढतो. वेग वाढला की रेघा ओलांडल्या जातात, हीच पहिली खूण. दोन रेघा सलग चुकल्या की थांबा, मागच्या परिच्छेदापासून पुन्हा धरा. आजच्या पहिल्या मिनिटाचा तुकडा जवळ ठेवा आणि प्रत्येक विश्रांतीनंतर ऐका. थकत चाललेला आवाज बहुतेक वेळा वर चढतो आणि पातळ होतो, ते आपलं आपल्याला समजत नाही, तुकडा ऐकला की कळतं.

विश्रांती अर्ध्या तासाला पाच मिनिटं, घसा चांगला असला तरीही. त्या पाच मिनिटांत बोलायचं नाही, फोन नाही, कुजबुजही नाही. खाकरू नका. खाकरताना स्वरतंतू जोरात आपटतात, त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. उठण्याआधी अगदी हळू, उंच स्वरात ‘ऊ’ काढून पाहा. सकाळी जो येत होता तो आता फुटत असेल किंवा नुसती हवा येत असेल तर स्वरतंतू सुजलेत. दिवस तिथेच संपला, प्रकरण अर्धं असलं तरी.

संपल्यावर दोन मिनिटं स्ट्रॉ, वरून खाली. तासभर गप्प. गरम वाफ चालेल.

मग उद्याच्या पानांवर रेघा. संध्याकाळीच, जेवणाआधी.

आवाज बसला तर दोन दिवस वाचन बंद. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन स्वरतंतू दाखवून घ्या, घरचे काढे करत बसू नका.